चाचांनी घातलेला दोरा

बाबांचा तंबोरा 2017 च्या एप्रिलमध्ये तडकला. वरच्या खोलीत पत्र्याखाली ठेवलेला होता, त्या वर्षीचा उन्हाळा त्याला सोसला नाही. भोपळ्याला वीतभर भेग गेली. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे ती भेग मला फार लागली. मिरजेत राहणाऱ्या माणसाला तंबोऱ्याच्या दुरुस्तीसाठी लांब जावं लागत नाही. मुलाची नववीची परीक्षा संपली होती. त्याला म्हटलं, गवसणीत घालून नीट सांभाळून ने, सतारमेकर गल्लीत दाखव आणि किती खर्च येईल ते विचारून ये.

सकाळी दहाला गेलेला मुलगा दीड वाजता परतला. हाताला, केसांना लाकडाचा भुसा. खर्च किती ते विचारायला तो विसरला होता. जेवताना मात्र सांगत राहिला, की भोपळा आतून अगदी पातळ असतो, तो पंढरपूरच्या बाजूने येतो, तो खायचा नसतो, कडू असतो, आणि पाण्यात भिजवून आत काटक्या लावून त्याला गोल करतात. एरवी दोन वाक्यांत जेवण संपवणारा मुलगा. मी ऐकत होते, पण मनात घड्याळ चालू होतं. दुपारी चारला त्याचा क्लास होता.

तो क्लास म्हणजे माझी वीस वर्षांपूर्वीची राहिलेली गोष्ट होती. मी 1995 साली बारावी झाले. तेव्हा नीट नव्हती, सीईटीही नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. ती यादी माझ्यावर चार मार्कांनी थांबली. खाजगी कॉलेजचे पैसे बाबांकडे नव्हते आणि मी मागितलेही नाहीत. बीएस्सी केलं, बँकेची परीक्षा दिली, कारकून म्हणून लागले. बँकेत जाताना रोज मिरजेच्या मेडिकल कॉलेजवरून जावं लागे. पांढरे कोट घातलेली मुलं फाटकाशी चहा पीत उभी असायची. मी गाडी सावकाश करायची. ही सवय मला कित्येक वर्षं होती आणि ती सवय आहे हे मला माहीतच नव्हतं.

मुलगा झाला तेव्हापासून घरात एक वाक्य फिरत होतं, ‘हा डॉक्टर होणार.’ कोणी पहिल्यांदा म्हटलं ते आठवत नाही, पण थांबवलं नाही ते मी. सहावीत त्याला विज्ञानात चांगले मार्क पडले की मी म्हणे, बघा. गणितात पडले की काही म्हणत नसे. नववीच्या शेवटी आम्ही त्याला फाउंडेशनच्या क्लासला घातलं आणि अकरावी-बारावीच्या जागेसाठी 25 हजार रुपये आगाऊ भरले. त्याला विचारलं होतं का? विचारलं होतं. ‘जाशील ना?’ असं विचारलं होतं. तो ‘हो’ म्हणाला होता. पंधरा वर्षांचं मूल आईच्या अशा प्रश्नाला दुसरं काय म्हणणार?

तंबोरा आणायला मी स्वतः गेले. तो दुरुस्त करणारे चाचा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. खाली मांडी घालून बसलेले, मांडीवर कुणाच्या तरी तंबोऱ्याची दांडी. आजूबाजूला भोपळे टांगलेले आणि तूण लाकडाचा तो विशिष्ट वास. मिरजेचं हे काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात ते सुरू झालं आणि बापाकडून मुलाकडे येत गेलं. चाचांची ही कितवी पिढी ते त्यांनाही मोजून सांगावं लागे. त्यांनी भेग बुजवली होती. सरसात कालवलेला भुसा भरून, घासून, वर पॉलिश. बोट फिरवलं तरी कळत नव्हतं.

मी पैसे काढले तेव्हा ते म्हणाले, “ताई, पोरगा चार दिवस येतोय. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक नव्हतं. क्लासला म्हणून निघायचा आणि निम्मा वेळ इथे बसायचा. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळाही आला. मी म्हटलं, त्याला डॉक्टर व्हायचं आहे, तुम्ही त्याला बसू देत जाऊ नका. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. आवाज न चढवता विचारलं, “त्याला व्हायचंय का तुम्हाला व्हायचं होतं?”

परक्या माणसासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि यादीचे चार मार्क त्यांना सांगितले. नवऱ्यालाही इतकं नीट कधी सांगितलं नव्हतं. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे, ते तिथून सुरू होतं. उपदेश कोणीही करतं. स्वतःच्या हातून झालेली चूक अनोळखी बाईसमोर कोण उघडी करतो?

चाचांना सतार वाजवायची होती. लहानपणी मोठमोठे वादक दुकानात यायचे, वाद्य लावून घ्यायचे, चार स्वर वाजवून बघायचे. चाचा कोपऱ्यात बसून ऐकायचे. वडिलांचं म्हणणं पक्कं होतं, आपण बनवणारे, बैठकीवर बसायचं ते दुसऱ्यांनी. मग चाचांना मुलगा झाला. आठव्या वर्षापासून त्याला सतारीला बसवलं. सांगलीहून शिक्षक यायचे. पहाटे पाचला रियाज, शाळेतून आल्यावर पुन्हा. मुलाचा हात चांगला होता, सगळे म्हणायचे. चौदाव्या वर्षी एके दिवशी त्याने बाजाची तार तोडली, सतार भिंतीला उभी केली आणि सांगितलं, मारा हवं तर, मी पुन्हा हात लावणार नाही. नाही लावला. आयटीआय केलं, रेल्वेत लागला, मिरज जंक्शनलाच असतो. चांगला आहे, चाचा म्हणाले, पण दुकानात येत नाही. ईदला येतो तोही बाहेरून हाक मारतो.

“मी त्याला कधी विचारलंच नाही की बोटं दुखतात का,” ते म्हणाले. “मला माझी बोटं दिसत होती.”

त्यानंतर त्यांनी एक सौदा मांडला. मे महिन्याचे वीस दिवस मुलाला त्यांच्याकडे पाठवायचं, सकाळी नऊ ते एक. क्लास दुपारी होताच, तो बुडवायचा नाही. पण दोन अटी होत्या. मी दुकानात यायचं नाही. आणि तो घरी आला की ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही. ‘आज काय केलंस?’ एवढंच विचारायचं.

ही दुसरी अट मला तेव्हा किरकोळ वाटली. ‘आवडलं का?’ या प्रश्नाला मूल आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतं. आपल्याला हवं ते उत्तर त्याला आपल्या आवाजातच ऐकू येतं. ‘काय केलंस?’ या प्रश्नाला तसं करता येत नाही. तिथे कामच सांगावं लागतं. आणि सांगताना ते मूल कुठे रेंगाळतं, कुठे भराभर उरकतं, कुठे हात हलवून दाखवतं, ते आपल्याला दिसतं. मी रात्री एका जुन्या डायरीत दोन-दोन ओळी लिहायला लागले. चाचांनी नव्हतं सांगितलं, बँकेतली सवय.

पहिले आठ दिवस त्यांनी त्याला फक्त घासायला दिलं. दांडीचं लाकूड, पॉलिश पेपर, आणि वर पाहायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या बोटांची टोकं सोलवटली. माझ्या डायरीत त्या दिवशी ‘कंटाळलाय’ असं लिहिलेलं आहे, आणि ते लिहिताना मला बरं वाटलं होतं हेही आठवतं. पुढे कधीतरी चाचांनी मला याचं कारण सांगितलं. लोक दुकानात येतात, तयार तंबोरा बघतात, आवाज ऐकतात, त्यांना वाटतं हे काम किती सुंदर. पण सुंदर तो तंबोरा. काम म्हणजे घासणं. प्रत्येक धंद्यात असं एक घासणं असतं, आणि पोराला ते आधी दाखवायचं. नवव्या दिवशी जो येतो त्याच्याशी पुढचं बोलायचं.

नवव्या दिवशी तो गेला. दहाव्या दिवशी चाचांनी त्याला जवारी दाखवली.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर थोडी थोडी टेकत कंप पावते, आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. माथा जरा जास्त घासला गेला तर तार बोथट बोलते, कमी घासला गेला तर झणझणते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. केसभर पुढे, केसभर मागे, जिथे आवाज उघडतो तिथे थांबायचं. हे मोजपट्टीने करता येत नाही. कानस एकदा फिरवायची आणि ऐकायचं, परत एकदा फिरवायची आणि ऐकायचं.

त्या दिवशी त्याला ‘काय केलंस?’ विचारलं आणि तो पाऊण तास बोलला. आवाज ‘उघडतो’ म्हणजे नेमकं काय होतं, दोरा हलवल्यावर तार तीच, ताण तोच, मग नवे आवाज कुठून येतात? हे त्याने चाचांना विचारलं, त्यांना सांगता आलं नाही. त्याने शाळेच्या पुस्तकात शोधलं, मिळालं नाही. माझं बीएस्सीचं फिजिक्स काढून मी त्याला एवढं सांगू शकले, की एका तारेत एकाच वेळी अनेक कंपनं असतात, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं बाबांच्या तंबोऱ्याशी बसलो होतो. त्याच्याशी मी अभ्यासाविषयी इतका वेळ भांडल्याशिवाय बोलले, असं त्या आधी झालेलं नव्हतं.

यावरून मी लगेच ठरवलं, की याला तंबोरे करायचे आहेत. आणि इथे माझं पुन्हा चुकलं. मी हळवी होऊन चाचांना फोन केला, म्हटलं, शिकवा त्याला, आमची हरकत नाही. चाचा म्हणाले, घाई करू नका. पोराला आवाजाचं वेड आहे, लाकडाचं नाही. कानस हातात घेतो ती ऐकण्यासाठी. भोपळा कोरायला दिला तर टाळतो. मुलाला एखाद्या ठिकाणी गोडी लागली तर त्या ठिकाणातलं नेमकं काय त्याला धरून ठेवतंय, हे सुटं करून बघावं लागतं. दुकान, माणूस, हाताचं काम, आवाज, प्रश्न, की घरापासून मिळालेली सुटका? यातलं प्रत्येक वेगळीकडे नेतं. वीस दिवस जवळून पाहणारा माणूसच हे सांगू शकला. मी लांबून फक्त ‘तंबोरा’ पाहिला होता.

मग चाचाच म्हणाले, आता तुमच्या मनातला धंदाही त्याला दाखवा, न्याय दोन्हीकडे सारखा हवा. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्याला तीन दिवस बाहेरच्या काउंटरवर बसू दिलं. रुग्णाच्या तपासणीत आत नाही, ते योग्यही नव्हतं. केसपेपर काढणं, नंबर देणं, रिपोर्ट लावणं. तिन्ही दिवस संध्याकाळी मी तोच प्रश्न विचारला. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं, एका सकाळी 63 केसपेपर काढले. दुसऱ्या दिवशी एका आजींबद्दल सांगितलं, ज्या औषधं परवडत नाहीत म्हणून निम्मीच घेत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, डॉक्टरकाका दिवसभर तीच तीच दुखणी ऐकतात आणि प्रत्येकाला नव्याने ऐकल्यासारखं ऐकतात, मला ते जमणार नाही. कोणताही तिटकारा नव्हता. उलट आदर वाढला होता. पण तो भराभर सांगत होता, हात हलत नव्हते.

ते ऐकताना मला एक गोष्ट उमगली आणि ती आजही सोपी वाटत नाही. डॉक्टरचा एक अख्खा दिवस मी स्वतः कधी पाहिला नव्हता. सतराव्या वर्षी मी ज्यावर जीव टाकला तो कोट होता, फाटकाशी चहा पिणारी मुलं होती, गल्लीत मिळणारा मान होता. माझ्या स्वप्नाला त्याचं घासणं कधी भेटलंच नव्हतं. जे शिक्षण पुरं होतं, त्यातला कंटाळा आणि त्रास आपल्याला ठाऊक होतो आणि आपण ते मुलाला सांभाळून देतो. जे अपुरं राहतं ते तसंच चकचकीत राहतं. म्हणून मी बँकेची नोकरी त्याला कधी सुचवली नाही आणि न पाहिलेली डॉक्टरकी इतकी वर्षं सुचवत राहिले.

दहावीच्या वर्षात, जानेवारीत, आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या काळी राज्य मंडळही दहावीच्या मुलांची कल चाचणी घेत असे, पण मला अभिक्षमताही बघायची होती. कल म्हणजे काय आवडतं, अभिक्षमता म्हणजे काय जमू शकेल, आणि या दोन्ही गोष्टी एकाच मुलात नेहमी हातात हात घालून असतात असं नाही. बाईंनी आधी एक वेगळाच कागद दिला. त्यावर साठ कामं होती. ‘बिघडलेलं यंत्र उघडून बघणे’, ‘आजारी माणसाजवळ बसणे’, ‘हिशेब जुळवणे’ अशी. प्रत्येकापुढे तीन रकाने, आवडेल, नाही, सांगता येत नाही. मुलाने स्वतःसाठी भरायचा आणि मी, वेगळ्या खोलीत, तो काय भरेल ते ओळखून भरायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा साठातली सत्तावीस उत्तरं जुळली. पंधरा वर्षं एका ताटात जेवलेल्या मुलाची.

बाईंनी त्या सत्तावीसावर वेळ घालवला नाही. त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मुलाने एकोणीस ठिकाणी ‘सांगता येत नाही’ लिहिलं होतं, मी एकाही ठिकाणी नाही. त्या म्हणाल्या, मुलाने जे पाहिलंच नाही ते त्याला आवडतं की नाही हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. या रकान्यातली कामं त्याला दाखवा, जमेल तेवढी, आणि ‘नाही’च्या रकान्यातली एक-दोनसुद्धा. अभिक्षमतेत त्याचे अवकाशीय आणि यांत्रिक पर्सेंटाइल ऐंशीच्या वर होते आणि कारकुनी वेग-अचूकता तिशीच्या खाली. मी घाबरून विचारलं, तीस म्हणजे नापास? नाही. म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातली तीस मुलं त्याच्या मागे आहेत, एवढंच. आणि हा आकडा जन्माचा दाखलाही नाही. मुलगा थकलेला असला, चाचणीची भाषा अवघड गेली, तर तो बदलतो. म्हणून हा अहवाल घेऊन एकदम शाखा ठरवायची नसते. त्यातून तीन-चार दिशा निघतात, त्या पुन्हा प्रत्यक्ष कामात तपासायच्या असतात. आम्ही त्यानंतरच्या महिन्यांत त्याला एका सांगलीच्या कारखान्यात, एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात आणि एका ध्वनिक्षेपकवाल्याच्या गोदामात दोन-दोन दिवस पाठवलं. ओळखीपाळखीने, हात जोडून. एक जागा नाही म्हणाली, बाकीच्यांनी आनंदाने बसवलं.

जूनमध्ये अकरावीचा फॉर्म आला आणि माझी खरी परीक्षा तिथे झाली. त्याला गणित ठेवून बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. दोनशे मार्कांचा विषय, तो घेतला की दुसरी भाषा आणि बायोलॉजी सुटते. बायोलॉजी सुटली की त्या वेळी नीटचा रस्ता बंद होत असे. मी म्हटलं, सगळेच विषय ठेव, बायोलॉजी असू दे, दार उघडं राहील. हे मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. त्याने शांतपणे विचारलं, “आई, त्या दारातून कोण जाणार आहे?”

दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. मग माझ्या नवऱ्याने, जो या सगळ्यात कमी बोलला होता, एक वही घेतली आणि आम्ही तिघं बसलो. उघड्या दाराचाही खर्च असतो. आठवड्याचे तास, प्रॅक्टिकल, जर्नल, बारावीच्या वर्षातली झोप. तो सगळा मुलाच्या खात्यातून जाणार होता आणि दार मला हवं होतं. मुलाला स्वतःला शंका असती तर मी सगळे विषय ठेवायलाच सांगितलं असतं, ते बरोबरही ठरलं असतं. त्याला शंका नव्हती. त्याच वहीत आम्ही आमचे पैसेही मांडले. किती साठले आहेत, कर्ज किती काढू शकतो, खाजगी कॉलेजच्या कोणत्या फीपर्यंत जाऊ शकतो आणि कुठे थांबू. हे आई-बापाने सांगायलाच हवं. आम्हाला ही रक्कम झेपणार नाही, असं म्हटलं की मूल त्या रकमेच्या आत विचार करतं. ‘आमचं स्वप्न आहे’ असं म्हटलं की त्याला हातपाय हलवायला जागाच राहत नाही. क्लासचे 25 हजार परत मिळाले नाहीत. ते माझे गेले, त्याचे नाहीत, आणि त्याचा उल्लेख घरात करायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवलं आणि पाळलं.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचा एम-थ्री राहिला. फोनवर तो गप्प होता आणि माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ‘बायोलॉजीत तू कधी नापास झाला नव्हतास.’ ते वाक्य मी कसं गिळलं ते मला माहीत आहे. मी चाचांकडे गेले. ते म्हणाले, जवारी बिघडली की नवा माणूस घाबरून घोडीच बदलायला निघतो. आधी दोरा बघायचा. मी घरी येऊन मुलाला विचारलं, पेपरात काय काय केलंस, प्रश्नाप्रश्नाने सांग. एका प्रकरणाचा पाया कोरोनाच्या ऑनलाइन वर्षात कच्चा राहिला होता, एवढंच निघालं. पुढच्या सत्रात तो सुटला.

आणि माझं? त्या पहिल्या दिवशी निघताना चाचांनी मला आणखी एक विचारलं होतं. तुम्हाला दवाखान्याची एवढी ओढ होती, तर त्याचं तुम्ही काय केलं? मी काहीच केलं नव्हतं, गाडी सावकाश करण्याखेरीज. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. 2018 पासून त्या शनिवारी मी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जाते. सीमेपलीकडून कर्नाटकातूनही लोक येतात, कुणाला रांग कुठली ते कळत नाही, कुणाला जनआरोग्य योजनेचे कागद भरता येत नाहीत. मी फॉर्म भरते, कोणता दाखला कमी आहे ते सांगते, कधी नुसती एखाद्या बाईजवळ बसते. डॉक्टरांचे दिवस मी आता जवळून पाहिले आहेत. त्यातले बरेचसे मला जमले असते असं वाटतं, काही जमले नसते. कोट आता मला नुसता कोट दिसतो.

चाचा 2023 च्या पावसाळ्यात गेले. जनाज्याला त्यांचा रेल्वेतला मुलगा पुढे होता. नंतर मी भेटायला गेले तेव्हा तो दुकानात बसला होता, एकटाच, अर्धवट राहिलेल्या दांडीवरची धूळ फडक्याने पुसत. मी त्याला काय सांगावं ते मला कळलं नाही. तुमच्या वडिलांना तुमची बोटं दिसली नव्हती हे त्यांना कळलं होतं, हे मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हे तुम्हाला सांगितलं त्यांनी?

मुलगा आता पुण्यात आहे. चालत्या गाडीत नको असलेला आवाज आणि कंप कुठून येतो ते शोधण्याचं काम करतो. परवा फोनवर म्हणाला, वर्षभरात हे सोडून पुढे शिकावं असं डोक्यात येतंय, अजून नक्की नाही. माझ्या छातीत जुनं काहीतरी हललं. पगार, नोकरी, लोक काय म्हणतील. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, या आठवड्यात काय केलंस?

तो बोलत होता तेव्हा बाबांचा तंबोरा समोर उभा होता. मधल्या जोडाच्या एका तारेखालचा दोरा चाचांनी घातलेला, आता पिवळा पडलेला. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.